पहिल्या कडक उन्हानंतर हातांवर उठणारे खाजरे पुरळ

मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात एक ठरावीक तक्रार वाढू लागते. ती समजून घेण्यासाठी अशा अनेक रुग्णांच्या हकिकतींमधून एक हकिकत बांधून पाहू. पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी राहणारी, एका कार्यालयात हिशेबाचे काम करणारी चौतीस वर्षांची बाई आहे. तिचा सगळा हिवाळा सकाळी दहा ते संध्याकाळी सहा असा छपराखाली गेला असून जाता-येता अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर होता. मार्चमधल्या एका रविवारी ती सासूबाई आणि शेजारणींबरोबर कुरडया घालायला गच्चीवर गेली. सकाळी आठला चीक शिजला, मग प्लास्टिकच्या कागदावर वाकून सोऱ्याने कुरडया घालण्यात साडेबारा कधी वाजले ते कळलेही नाही, कारण वारा गार होता आणि ऊन अंगाला लागत आहे असे कोणालाच वाटले नाही. संध्याकाळी तिच्या दोन्ही हातांना चुणचुण सुटली, सोमवारी सकाळी कोपरापासून मनगटापर्यंत बारीक पुरळ उठले आणि मंगळवारी ते मानेवर व गालांवरही दिसू लागले. खाज इतकी होती की तिला रात्री झोप लागली नाही.

दवाखान्यात येईपर्यंत घरातल्यांनी तिचे तीन वेळा निदान केलेले असते. सासूबाईंच्या मते अंगातली उष्णता बाहेर पडली आहे, शेजारणीच्या मते या घामोळ्या आहेत आणि तिला स्वतःला वाटते की तीन दिवस आंबवलेल्या गव्हाचा चीक हाताला लागून ॲलर्जी आली आहे. या तिन्ही शंका साहजिक आहेत आणि त्या कोणत्याही तपासणीशिवाय, केवळ हात नीट पाहून दूर करता येतात.

तिचा हात खिडकीजवळ उजेडात धरून पाहिला की टाचणीच्या डोक्याएवढे, बहुतेक त्वचेच्याच रंगाचे आणि काही किंचित लालसर असे शेकडो फोड दिसतात. बोटे फिरवली तर त्वचेखाली रवा पसरल्यासारखे लागते. आता हे फोड कुठे आहेत यापेक्षा कुठे नाहीत ते पाहायचे. चीक ज्या तळहातांना आणि बोटांच्या आतल्या बाजूंना सर्वांत जास्त लागला, तिथे एकही फोड नाही. हाताच्या आतल्या, फिक्या बाजूवर नाही. मनगटावर बांगड्या जिथे बसतात तिथे दोन बोटे रुंदीचा पट्टा स्वच्छ आहे. वर कोपराच्या पुढे कुर्त्याची बाही जिथे संपते, तिथे पुरळही पट्टीने रेघ ओढावी तसे थांबले आहे. चेहऱ्यावर ते कपाळ, नाकाचा उंचवटा आणि गालांची हाडे एवढ्यावरच आहे. पापण्या, हनुवटीखालची सावलीतली जागा आणि कानांमागचा भाग मोकळा आहे. मानेच्या पुढच्या बाजूपेक्षा मागच्या बाजूला पुरळ दाट आहे, कारण ती चार तास वाकून काम करत होती आणि केसांचा अंबाडा वर बांधलेला होता. त्वचेवर उमटलेला हा नकाशा चिकाचा नाही आणि घामाचाही नाही. घामोळ्या घाम साचतो तिथे, म्हणजे पाठीवर, छातीवर, काखेजवळ, कपड्याखाली येतात. येथे कपड्याखालचा भागच शाबूत आहे. हा नकाशा प्रकाशाचा आहे.

या विकाराचे वैद्यकीय नाव पॉलिमॉर्फिक लाइट इरप्शन असे आहे आणि डॉक्टर त्याला सहसा पीएमएलई म्हणतात. नावाचा अर्थ प्रकाशामुळे उठणारे बहुरूपी पुरळ असा होतो. बहुरूपी यासाठी की एकाला बारीक फोड, दुसऱ्याला मोठे लाल चट्टे, तर तिसऱ्याला पाण्याचे फोड येतात. मात्र एकाच माणसाला दर वर्षी बहुधा एकाच प्रकारचे पुरळ आणि त्याच जागी येते, त्यामुळे नावातले बहुरूपीपण रुग्णाच्या अनुभवाला येत नाही. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत टाचणीच्या डोक्याएवढ्या फोडांचा वर सांगितलेला प्रकार पुष्कळ दिसतो. त्यात लाली फारशी नसते, म्हणूनच तो घामोळ्यांत किंवा उष्णतेत जमा होतो.

नकाशाइतकेच महत्त्व घड्याळाला आहे. उन्हाने त्वचा भाजली तर काही तासांत उघडा भाग सरसकट लाल होतो आणि तो खाजत नाही, दुखतो. उन्हाने पित्ताच्या गाठी उठण्याचा एक वेगळा विकार आहे, त्यात पाच-दहा मिनिटांतच गांध्या येतात आणि सावलीत गेल्यावर काही तासांत, फार तर दिवसभरात मावळतात. पीएमएलईमध्ये पुरळ उठायला अर्ध्या तासापासून एक-दोन दिवसांपर्यंत वेळ लागतो, आणि एकदा उठलेले पुरळ, पुढे ऊन टाळले तर, काही दिवसांपासून दोनेक आठवड्यांपर्यंत टिकून व्रण न ठेवता जाते. रविवारी ऊन, संध्याकाळी चुणचुण, सोमवारी फोड आणि पुढच्या रविवारपर्यंत ओसरण, हे वेळापत्रक इतके नेमके असते की निदानाचे निम्मे काम त्यावरच होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ऊन तर मे महिन्यात याहून कडक असते, मग पुरळ मार्चमध्येच का येते आणि मेमध्ये बऱ्याच जणांचे ते आपोआप का थांबते? हा विकार केवळ उन्हाच्या तीव्रतेचा असता तर असे झाले नसते.

सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्वचेत शिरतात तेव्हा तिथल्या काही रेणूंची रचना किंचित बदलते. शरीराच्या संरक्षण यंत्रणेच्या दृष्टीने असा बदललेला रेणू परका ठरू शकतो. बहुधा हा बदल प्रत्येकाच्या त्वचेत होत असावा, पण सगळ्यांना पुरळ येत नाही, कारण हेच अतिनील किरण त्याच वेळी त्वचेतल्या संरक्षण यंत्रणेला काही काळ शांतही करतात. त्वचेच्या वरच्या थरात परक्या पदार्थाची वर्दी देणाऱ्या, पहारेकऱ्यासारख्या पेशी असतात, त्यांना लँगरहान्स पेशी म्हणतात. निरोगी माणसाच्या त्वचेवर अतिनील किरण पडले की या पेशी मोठ्या संख्येने आपली जागा सोडून जातात आणि यंत्रणा शांत करणारे संदेश देणाऱ्या दुसऱ्या पेशी तिथे येतात. वर्दी देणारे कोणी उरत नाही आणि बदललेल्या रेणूकडे दुर्लक्ष होते. पीएमएलई असलेल्यांच्या त्वचेत हे शांत होणे पुरेसे घडत नाही. पहारेकरी जागेवरच राहतात, परक्या रेणूची वर्दी जाते, लढाऊ पेशी गोळा होतात आणि त्यांच्या गोळा होण्याला जो वेळ लागतो तोच आपल्याला ऊन आणि पुरळ यांमधला अवकाश म्हणून दिसतो. म्हणजे ही त्वचा नाजूक किंवा दुबळी असते असे म्हणणे बरोबर नाही. उन्हात ज्या वेळी गप्प बसायचे, त्या वेळी ती गप्प बसत नाही, एवढाच तिचा दोष आहे.

हेच ऊन थोडे थोडे, वारंवार मिळत गेले तर ही त्वचाही हळूहळू शांत व्हायला शिकते, शिवाय ती थोडी रापते आणि वरचा थर जाड होतो. एप्रिल उलटेपर्यंत रोज ऊन अंगावर घेणाऱ्याचे पुरळ म्हणूनच थांबते. बारा महिने शेतात राबणाऱ्या बाईला हा त्रास तुलनेने कमी होतो आणि छपराखालून एका रविवारी गच्चीवर आलेल्या तिच्याच बहिणीला जास्त होतो. चेहरा वर्षभर उघडा असल्यामुळे पुष्कळदा कमी फुलतो, तर हिवाळाभर झाकलेले हात आधी फुलतात, त्याचेही कारण हेच आहे. उत्तर युरोपात, जिथे कित्येक महिने ऊन नावालाच असते, तिथे दर शंभरात दहा ते वीस जणांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो आणि विषुववृत्ताकडे यावे तसे हे प्रमाण घटत जाते. डिसेंबरात लंडनहून किंवा शिकागोहून सुट्टीला आलेल्या आपल्या नातेवाइकाला गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पहिल्याच दिवसानंतर असे पुरळ उठले, तर त्याच्यापुरता तोच मोसमाचा पहिला दिवस असतो.

महाराष्ट्रात असा पहिला दिवस वर्षातून दोनदा येतो, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. एक थंडी सरताना आणि दुसरा पाऊस उघडल्यावर. जून ते सप्टेंबर ढगांखाली आणि रेनकोटात गेलेली त्वचा ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा नवखी असते. दोन्ही वेळा पुरळ येते असे रुग्णाने सांगितले की माझा संशय बळावतो, आणि त्या दोन्ही वेळा काय खाल्ले हे आठवत बसलेल्या माणसाने आंबा किंवा वांगे सोडण्याचे कारण उरत नाही.

बायकांना, विशेषतः विशी ते चाळिशीच्या दरम्यान, हा विकार पुरुषांपेक्षा बराच जास्त होतो आणि त्यात ईस्ट्रोजेन या संप्रेरकाचा वाटा असावा असे मानले जाते. तो एकाच घरातल्या अनेकांना असू शकतो. तो संसर्गजन्य नाही आणि त्याचा कर्करोग होत नाही.

उपचार साधा आहे, पण त्यात एक मोठा खड्डा आहे. उठलेल्या पुरळासाठी हातांवर आणि मानेवर मध्यम ते जास्त ताकदीचे स्टेरॉइड मलम दिवसातून एकदा किंवा दोनदा, पाच ते सात दिवस लावले जाते. चेहऱ्यावर मात्र सौम्य प्रकारचे आणि त्याहूनही कमी दिवस. खाजेसाठी रात्री ॲलर्जीवरची गोळी दिली जाते, ती पुरळ घालवत नाही, झोप मिळवून देते. फारच पसरलेले असेल तर डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. खड्डा असा की औषधाच्या दुकानात खाज म्हटले की स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली क्रीमची ट्यूब हातात पडते. तिने दोन दिवसांत आराम पडतो, मग पुढच्या उन्हात तीच पुन्हा लावली जाते, नंतर रोज चेहऱ्याला लावायची सवय लागते आणि काही महिन्यांनी चेहऱ्याची त्वचा पातळ होऊन लालसर शिरा, मुरमे आणि लव दिसू लागते. त्या टप्प्यावर क्रीम थांबवले की चेहरा भडकतो आणि थोड्याशा उन्हातही आग होते, म्हणून रुग्णाला वाटते की मूळ आजारच वाढला. आठवड्याभराने आपोआप जाणाऱ्या पुरळापायी वर्षानुवर्षांचे दुखणे लागलेले पाहणे फार क्लेशदायक असते. मलमाच्या दिवसांची मर्यादा लिहून घ्यावी आणि ती पाळावी.

पुरळ गेल्यावर सावळ्या त्वचेवर त्या जागी फिके ठिपके राहतात आणि आईवडिलांच्या, विशेषतः लग्नाच्या वयातल्या मुलीच्या घरी, कोडाची भीती शिरते. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा आणि कडेने ठसठशीत असतो. हे ठिपके नुसते फिकट असतात, त्यांची कड आसपासच्या त्वचेत विरून जाते आणि काही आठवड्यांत ते भरून येतात. शिबं समजून त्यांच्यावर बुरशीचे औषध लावण्याचाही उपयोग नसतो.

काही वेळा हाच नकाशा दुसऱ्या आजाराचा असू शकतो, म्हणून प्रत्येक रुग्णाला दोन-तीन प्रश्न विचारावे लागतात. पुरळ ऊन टाळूनही अनेक आठवडे जात नसेल, त्याबरोबर सांधे दुखत असतील, तोंड येत असेल, केस गळत असतील किंवा अंगात बारीक ताप राहत असेल तर ल्युपस या आजारासाठी रक्ताची एएनए तपासणी करून घ्यावी लागते. नवीन औषध सुरू झाले आहे का, हेही पाहावे लागते. डॉक्सिसायक्लिन किंवा रक्तदाबासाठी दिले जाणारे हायड्रोक्लोरोथायझाइड अशा औषधांमुळेही ऊन बाधते, पण तेव्हा संबंध मोसमाशी नसून गोळीशी असतो. आणि आपल्याकडे गाजर गवत विसरून चालत नाही. त्याच्या हवेतून उडणाऱ्या कणांनी उठणारा इसब चेहऱ्यावर आणि मानेवरच येतो, परंतु तो पापण्यांना, कानांमागे, हनुवटीखाली आणि कोपराच्या लवणीतही शिरतो, म्हणजे जिथे ऊन पोचत नाही पण धूळ पोचते तिथे. सावलीतल्या या जागा तपासल्याशिवाय निदान पक्के करू नये.

पुढच्या मोसमाची तयारी उन्हाच्या घड्याळापासून सुरू होते. अतिनील किरण आणि उकाडा यांची वेळ एक नसते. पश्चिम महाराष्ट्रात मार्चमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो साडेबारा-पाऊणच्या सुमारास आणि किरण तेव्हा सर्वांत तीव्र असतात, उकाडा मात्र दुपारी तीनच्या आसपास शिखर गाठतो. सकाळी साडेअकराला गार वाऱ्यात बसलेल्या माणसाला त्वचेवर किती किरण पडत आहेत याची कल्पना शरीर देत नाही. ती सावली देते: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की उघड्या हातांनी गच्चीवर थांबू नये.

सनस्क्रीनबाबत निराशेची तक्रार मी वारंवार ऐकतो. एसपीएफ पन्नासचे लावले तरी पुरळ आले, असे लोक सांगतात आणि ते खरे असते. एसपीएफचा आकडा मुख्यतः त्वचा भाजवणाऱ्या यूव्हीबी किरणांपासूनचे संरक्षण सांगतो. पीएमएलई मात्र बहुतेकदा त्वचेत अधिक खोल शिरणाऱ्या यूव्हीए किरणांनी उठते. त्यासाठी ट्यूबवरचे पीए आणि त्यापुढची अधिक चिन्हे पाहावीत, ती तीन किंवा चार असावीत. दुसरे कारण प्रमाणाचे आहे. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पूर्ण लांबीवर ओढलेल्या दोन रेघा एवढे सनस्क्रीन चेहऱ्याला व मानेला, आणि तेवढेच पुन्हा प्रत्येक हाताला लागते. बहुतेक जण याच्या चौथाई भागात दोन्ही हात उरकतात, त्यामुळे ट्यूबवर लिहिलेले संरक्षण त्यांना मिळतच नाही. बाहेर राहायचे असेल तर दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते. यापेक्षा घट्ट विणीची, गडद रंगाची पूर्ण बाही अधिक भरवशाची. पातळ पांढऱ्या सुती कापडातून, विशेषतः घामाने ते भिजल्यावर, बरेच किरण आत येतात. दुचाकीवर आपल्याकडच्या बायका जो सनकोट घालतात, तो या बाबतीत कोणत्याही ट्यूबपेक्षा सरस आहे.

तिसरा मार्ग त्वचेला सवय लावण्याचा. पहिले ऊन एकदम चार तासांचे न घेता जानेवारीच्या अखेरीपासून सकाळच्या कोवळ्या उन्हात हात उघडे ठेवून काही मिनिटे बसावे आणि पुढचे पाच-सहा आठवडे ती वेळ थोडी थोडी वाढवावी. पुरळाची चाहूल लागली तर मागे यावे. निदान निश्चित झालेले असेल आणि ल्युपसची शंका नसेल, तरच हे करावे. ज्यांना दर वर्षी तीव्र त्रास होतो त्यांच्यासाठी हेच काम दवाखान्यात नॅरोबँड यूव्हीबी दिव्यांखाली, मोजून वाढवलेल्या मात्रेत, मोसमाआधी आठवड्यातून दोन-तीन वेळा असे काही आठवडे केले जाते. काहींना त्या महिन्यांपुरती हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी देतात, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि डोळ्यांची तपासणी लक्षात ठेवूनच घ्यायची असते. कमावलेली सवय टिकाऊ नसते. काही आठवडे पुन्हा छपराखाली गेले की ती उतरते.

आपल्या हकिकतीतल्या बाईने पुढच्या वर्षी कुरडया पहाटे सुरू करून नऊच्या आत संपवल्या, अंगात नवऱ्याचा जाड निळा सदरा होता, आणि मार्च निर्वेध गेला. ऑक्टोबरात मात्र ती परत आली. या वेळी रव्यासारखे फोड फक्त उजव्या हातावर होते, डावा हात स्वच्छ होता. दुचाकी तिने सोडली होती, गच्चीवर ती गेलीच नव्हती आणि म्हणूनच या वेळी ऊन लागलेच नाही अशी तिची खात्री होती. विचारल्यावर कळले की पावसाळ्यात तिने मोटार चालवायला शिकून घेतली होती आणि आता रोज सकाळ-संध्याकाळ स्वतः गाडी चालवत कार्यालयात जात होती. गाडीच्या बाजूच्या साध्या काचेत यूव्हीबी किरण अडतात, पण यूव्हीए मोठ्या प्रमाणात आत येतात. समोरची काच दोन थरांमध्ये पटल घालून केलेली असल्यामुळे ती यूव्हीए बरेचसे थोपवते, बाजूची थोपवत नाही. आपल्याकडे चालकाचा उजवा हात त्याच काचेला टेकलेला असतो. मलम पाच दिवस दिले, आणि गाडीच्या दारातल्या कप्प्यात कायमची ठेवायला गडद रंगाची एक हातबाही सुचवली.